ईच, एव्हरी, बोथ, आयदर, ऑल: पॅकहाउसच्या सूचनापत्रात कुठे 'इज' आणि कुठे 'आर'?

पिंपळगावकर
नमस्कार मंडळी. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलाय. आमच्या पॅकहाउसच्या भिंतीवर लावायचं इंग्रजी सूचनापत्र नव्याने लिहायला घेतलंय. मराठी पत्र वेगळं आहे आणि कामगार तेच वाचतात. इंग्रजी पत्र परदेशी खरेदीदाराचा तपासनीस वाचतो आणि लेखी नोंदींशी ताडून बघतो, म्हणून त्यात चूक नको. या पाच ओळींवर अडलोय. सगळ्यांना सोयीचं व्हावं म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देतो:

१. ईच ऑफ द कार्टन्स कंटेन टेन पनेट्स.
२. एव्हरी कार्टन्स शुड बी वेड अँड देअर वेट रेकॉर्डेड.
३. पेस्ट द लेबल ऑन आयदर साइड ऑफ द कार्टन.
४. ऑल द फ्रूट हॅव बीन प्री-कूल्ड.
५. बोथ द डोअर्स ऑफ द कोल्ड रूम शुड नॉट बी केप्ट ओपन.

कुठे एकवचन, कुठे अनेकवचन, आणि का, एवढं सांगा. नुसती दुरुस्त वाक्यं नकोत. पुढच्या वर्षी पत्र पुन्हा बदलावं लागेल, तेव्हा माझं मलाच जमलं पाहिजे.

शिकवणी_कॉलेजरोड
पहिली दोन अगदी सोपी आहेत. ईच आणि एव्हरी आले की क्रियापद एकवचनी, डोळे झाकून. म्हणून पहिल्यात 'कंटेन्स'. दुसऱ्यात 'एव्हरी कार्टन', आणि पेटी निर्जीव आहे म्हणून 'देअर'च्या जागी 'इट्स'. लिहिताना या 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी घालू नका, मुलं हमखास घालतात. दोघांतला फरक असा लक्षात ठेवा की ईच दोन वस्तूंसाठी आणि एव्हरी दोनपेक्षा जास्त वस्तूंसाठी.
चौथ्यात 'ऑल' आहे, म्हणजे अनेकवचन, म्हणून 'हॅव' बरोबर. पाचवंही बरोबर, बोथ नेहमी अनेकवचनी. तिसऱ्यात क्रियापदाचा प्रश्नच नाही, तेही ठीक.

सिन्नरचा_भाऊ
कामगारांना इंग्रजी कशाला? मराठीत मोठ्या अक्षरांत लावा आणि शेजारी चित्रं काढा. आमच्या युनिटला चित्रं लावल्यापासून विचारणा बंद झाली.

पिंपळगावकर
भाऊ, मराठी पत्र आहेच, वर लिहिलंय तसं. चित्रांची सूचना चांगली आहे, घेतो. पण प्रश्न इंग्रजी पत्राचा आहे.

मुद्रितशोधक
शिकवणी ताईंची पहिल्या दोन ओळींची दुरुस्ती बरोबर आहे. 'डोळे झाकून' मात्र नको. चौथ्या ओळीचं उत्तर चुकलंय, आणि तिसरी-पाचवी व्याकरणात बसत असली तरी सूचना म्हणून धोक्याची आहेत. एकेक घेऊ.

पहिल्या ओळीत चूक का होते ते आधी बघा. 'ईच ऑफ द कार्टन्स' म्हणताना क्रियापदाच्या अगदी अलीकडे 'कार्टन्स' हा शब्द येतो. कानाला तो अनेकवचनी लागतो आणि हात आपोआप 'कंटेन' लिहितो. पण या वाक्याचा कर्ता 'ईच' आहे. 'ऑफ द कार्टन्स' एवढंच सांगतं की कुठल्या घोळक्यातली एकेक. तो तुकडा बोटाने झाकून वाचा: 'ईच कंटेन्स टेन पनेट्स'. लगेच कळतं.

आता 'डोळे झाकून' का नको ते. हेच वाक्य असंही लिहिता येतं: 'द कार्टन्स ईच कंटेन टेन पनेट्स.' इथे 'ईच' आहे आणि तरीही क्रियापद अनेकवचनी आहे, आणि तेच बरोबर आहे. कारण इथे कर्ता 'द कार्टन्स' आहे. 'ईच' मागून येऊन फक्त वाटणी सांगतो. सर्वनामही त्याच्यामागे जातं: 'द कार्टन्स ईच हॅव देअर ओन लेबल', पण 'ईच कार्टन हॅज इट्स ओन लेबल'. म्हणजे प्रश्न 'ईच आहे का' हा नाही. क्रियापदाचा कर्ता कोण, हा आहे.

मराठीत आपण हे दोन वेगवेगळ्या शब्दांनी करतो, म्हणून आपल्याला ते पटकन कळायला हवं. 'प्रत्येक पेटीत दहा डबे आहेत' आणि 'पेट्यांत प्रत्येकी दहा डबे आहेत'. मागून येणारा 'ईच' म्हणजे आपला 'प्रत्येकी'. 'प्रत्येकी' आल्याने 'पेट्या' काही एकवचनी होत नाहीत.

शिकवणी_कॉलेजरोड
'द कार्टन्स ईच' हे मान्य. शाळेच्या पुस्तकांत ती रचना फारशी येत नाही, म्हणून नियम तेवढाच शिकवला जातो. पण ईच दोनसाठी आणि एव्हरी दोनपेक्षा जास्तसाठी, हे तर बरोबर ना?

मुद्रितशोधक
अर्धं बरोबर. एव्हरीला किमान तीन लागतात, हे खरं. 'एव्हरी हँड'मध्ये पेटी धरता येत नाही, हात दोनच आहेत, तिथे 'ईच हँड'च. पण ईचला वरची मर्यादा नाही. दोन असोत की दोन हजार, तुम्ही एकेक उचलून बघत असाल तर ईच. एव्हरी म्हणजे एकही न सुटता सगळा गठ्ठा, फक्त मोजणी एकवचनाने.

म्हणूनच 'ऑलमोस्ट एव्हरी कार्टन' चालतं आणि 'ऑलमोस्ट ईच कार्टन' चालत नाही. 'जवळजवळ' हे गठ्ठ्याबद्दल म्हणता येतं, एकेकीबद्दल नाही. दुसरा उपयोगी फरक असा की ईच एकटा उभा राहतो, एव्हरी राहत नाही. 'ईच ऑफ देम' होतं. 'एव्हरी ऑफ देम' होत नाही, तिथे 'एव्हरी वन ऑफ देम' असे दोन सुटे शब्द लिहावे लागतात, आणि क्रियापद तेव्हाही एकवचनीच.

क्यूसी_सातपूर
यात एक भर. आमच्याकडे तपासणीच्या तक्त्यात एव्हरीनंतर सर्रास अनेकवचन येतं: 'रेकॉर्ड द टेम्परेचर एव्हरी टू अवर्स'. मग 'एव्हरी कार्टन्स' चुकीचं आणि 'एव्हरी टू अवर्स' बरोबर, असं कसं?

मुद्रितशोधक
कारण दोन तास मिळून एक खेप झाली, आणि एव्हरी त्या खेपेला लागतो. मराठीत इथे आपण 'प्रत्येक' म्हणत नाही, 'दर' म्हणतो: दर दोन तासांनी. जिथे मराठीत 'दर'च्या पुढे असा आकडा येतो तिथे इंग्रजीत एव्हरीच येतो, ईच येत नाही. 'ईच टू अवर्स' असं कुणी लिहिलं असेल तर ते सरळ चूक.

क्यूसी_सातपूर
मग नमुना काढायच्या ओळीतही काळजी घ्यायला हवी. समजा लॉटमध्ये २०० पेट्या आहेत. 'चेक एव्हरी टेन्थ कार्टन' म्हणजे दहावी, विसावी, तिसावी अशा एकूण २० पेट्या उघडायच्या. 'चेक एव्हरी अदर कार्टन' म्हणजे एकाआड एक, १०० पेट्या. आणि 'चेक एव्हरी टेन कार्टन्स' लिहिलं तर वाचणारा अडतो: दहा झाल्या की एक तपासायची, की दहाच्या दहा? तक्त्यात 'टेन्थ' लिहावं, 'टेन' नको. त्या दोन अक्षरांवर दिवसाचं काम ठरतं.

वाइनरी_गंगापूरधरण
चौथ्या ओळीसारखाच प्रश्न माझाही आहे. आमच्या टेस्टिंग रूमच्या पाटीवर 'ऑल द वाइन आर मेड फ्रॉम लोकल ग्रेप्स' असं आहे. एका पाहुण्याने बोट ठेवलं. 'इज' हवं की 'आर'?

मुद्रितशोधक
तुमचं आणि चौथ्या ओळीचं उत्तर एकच. ऑलला स्वतःचं वचन नाही. तो पुढच्या नामाकडून वचन घेतो. नाम मोजता येण्याजोगं अनेकवचनी असेल तर 'आर', 'हॅव', 'देम'. नाम न मोजण्याजोगं असेल तर 'इज', 'हॅज', 'इट'.

इंग्रजीत 'फ्रूट' हा शब्द माल या अर्थाने आला की मोजला जात नाही, आपण 'माल आला' म्हणतो तसा. म्हणून 'ऑल द फ्रूट हॅज बीन प्री-कूल्ड'. तीच गोष्ट 'ग्रेप्स' शब्दाने सांगितली तर 'ऑल द ग्रेप्स हॅव बीन प्री-कूल्ड'. दोन्ही बरोबर. चूक होते ती 'फ्रूट' लिहून डोक्यात द्राक्षं धरल्यामुळे. पारख करायची असेल तर तेच नाम पुढच्या वाक्यात सर्वनामाने घ्या. 'कीप इट ॲट झिरो डिग्रीज' असं सहज येत असेल तर आधीचं क्रियापदही एकवचनीच हवं.

पाटीवर एकच वाइन, किंवा वाइन हा पदार्थ, अभिप्रेत असेल तर 'ऑल द वाइन इज'. पाच प्रकारच्या वाइन असतील तर 'ऑल द वाइन्स आर' लिहा. आत्ताचं वाक्य दोहोंच्या मध्ये अडकलंय.

वाइनरी_गंगापूरधरण
पाच प्रकार आहेत. 'वाइन्स आर' करतो. धन्यवाद.

पिंपळगावकर
ऑलबद्दल अजून एक विचारतो. पॅलेटच्या कागदावर मी 'ऑल द कार्टन्स वे फाइव्ह किलोज' असं लिहिलंय. वचन बरोबर आहे ना?

मुद्रितशोधक
वचन बरोबर, अर्थ दुहेरी. सगळ्या मिळून पाच किलो, की एकेक पाच किलो? माणूस अंदाजाने समजून घेतो, कारण पाच किलोत अख्खं पॅलेट बसणार नाही हे दिसतं. पण 'ऑल द कार्टन्स वे फाइव्ह हंड्रेड किलोज' असं असतं तर शंभर पेट्यांचं वजन म्हणूनच वाचलं गेलं असतं, आणि वाक्याची रचना अगदी तीच आहे. ऑल आणि बोथ गठ्ठ्यालाही लागतात आणि सुट्या वस्तूंनाही. ईच कधीच गठ्ठ्याला लागत नाही. म्हणून वजन, किंमत, संख्या सांगताना ईच वापरा: 'ईच कार्टन वेज फाइव्ह किलोज नेट'. बेरीज सांगायची असेल तर 'टुगेदर' किंवा 'इन टोटल' हे शब्द घाला.

शिकवणी_कॉलेजरोड
मग पाचव्या ओळीत काय बिघडलं? बोथ, डोअर्स, सगळं अनेकवचनी आहे.

मुद्रितशोधक
वचनात काही बिघडलेलं नाही. बोथच्या सोबत 'नॉट' आला, तिथे गडबड आहे. 'बोथ द डोअर्स शुड नॉट बी केप्ट ओपन' याचे दोन अर्थ निघतात. एकही दार उघडं ठेवू नका, हा पहिला. दोन्ही एकाच वेळी उघडी नकोत, एक चालेल, हा दुसरा. मी तरी पहिलाच धरला असता आणि 'नायदर डोअर शुड बी लेफ्ट ओपन' अशी दुरुस्ती दिली असती. नायदरनंतर नाम एकवचनी, म्हणून 'डोअर'.

मूळ मराठीत विचार केल्यामुळे हे होतं. आपण 'दोन्ही दारं उघडी ठेवायची नाहीत' म्हणतो आणि बोलण्यातल्या जोरावरून अर्थ लागतो. छापील इंग्रजीत तो जोर दिसत नाही.

पिंपळगावकर
थांबा, माझा अर्थ दुसरा होता! कोल्ड रूमच्या आधी एक छोटी खोली आहे. बाहेरचं दार उघडलं की आतलं बंद पाहिजे, आणि आतलं उघडलं की बाहेरचं बंद. दोन्ही एकदम उघडली तर बाहेरची गरम दमट हवा थेट आत जाते आणि थंड मालावर दव धरतं. 'नायदर' लिहिलं असतं तर कुणी दारच उघडलं नसतं.

मुद्रितशोधक
तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. नुसत्या वाक्यावरून कुणालाही हे कळलं नसतं. मग असं लिहा: 'ओन्ली वन ऑफ द टू डोअर्स मे बी ओपन ॲट अ टाइम.' नकार काढून टाकला की दुहेरी अर्थही जातो. याचा कर्ता 'वन' आहे, 'डोअर्स' नाही. उद्या हेच वाक्य 'मे बी'ऐवजी साध्या वर्तमानकाळात घ्यायचं झालं, तर 'ओन्ली वन ऑफ द टू डोअर्स इज ओपन' असं एकवचन येईल.

ऑल आणि नॉटची जोडीही तितकीच वाईट. 'ऑल द कार्टन्स आर नॉट सील्ड' याचा अर्थ एकही बंद नाही, की काही बंद आहेत आणि काही नाहीत? काही राहिल्या असतील तर 'नॉट ऑल द कार्टन्स आर सील्ड'. एकही नसेल तर 'नन ऑफ द कार्टन्स'. नाकारलेल्या मालाच्या नोंदीत हा फरक पैशांत मोजला जातो.

क्यूसी_सातपूर
+१. तक्त्यात बोथ आणि ऑलच्या वाक्यात 'नॉट' दिसला की मी वाक्य परत पाठवतो. दुरुस्त करत बसत नाही. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते आधी विचारावं लागतं.

पिंपळगावकर
आणि तिसरी ओळ? आयदर साइडमध्ये काय धोका?

मुद्रितशोधक
'आयदर'चा रोजचा अर्थ दोहोंपैकी कोणतंही एक. पण 'साइड', 'एंड', 'हँड' यांसारख्या जोडीच्या शब्दांपुढे आला की त्याचा अर्थ दोन्हीकडे असाही होतो. रस्त्याच्या दुतर्फा झाडं आहेत, हे 'ट्रीज ऑन आयदर साइड' असंच सांगतात. म्हणजे तुमची ओळ वाचून एक माणूस एका बाजूला लेबल लावेल आणि दुसरा दोन्ही बाजूंना. दोघेही बरोबर ठरतील.

दोन्ही बाजूंना हवं असेल तर 'ऑन बोथ साइड्स', इथे नाम अनेकवचनी. एकेका बाजूला एकेक, असं ठासून सांगायचं असेल तर 'वन लेबल ऑन ईच साइड', इथे नाम एकवचनी. कोणत्याही एकाच बाजूला हवं असेल तर 'ऑन वन साइड ओन्ली'. यात आयदरची गरजच पडत नाही.

पिंपळगावकर
आमच्याकडे पेटीच्या दोन्ही आखूड बाजूंना एकेक लेबल लागतं. 'वन लेबल ऑन ईच शॉर्ट साइड' करतो.

वाइनरी_गंगापूरधरण
आयदर कर्ता असला की काय करायचं? 'आयदर ऑफ द रूम्स इज अव्हेलेबल' की 'आर'? पाहुण्यांच्या बोलण्यात दोन्ही ऐकू येतं.

शिकवणी_कॉलेजरोड
'इज'. यावर तरी दुमत नसावं.

मुद्रितशोधक
लेखी कामात 'इज', यावर दुमत नाही. पण बोलण्यात, विशेषतः प्रश्नात आणि नकारात, इंग्रजी मातृभाषा असलेले लोक 'आर' सर्रास म्हणतात. तो त्यांचा अडाणीपणा नाही, भाषेत ते मुरलंय. तुमच्या पाटीवर 'इज'च ठेवा, आणि पाहुणा 'आर' म्हणाला तर त्याला दुरुस्त करू नका.

'आयदर… ऑर…' ही जोडी आली की क्रियापद जवळच्या नामाचं ऐकतं: 'आयदर द सुपरवायझर ऑर द लोडर्स हॅव टु साइन'. उलटं केलंत तर 'आयदर द लोडर्स ऑर द सुपरवायझर हॅज टु साइन'. दुसरं वाक्य बरोबर असूनही कानाला खटकतं, म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवावं.

पिंपळगावकर
सुधारलेलं पत्र असं झालंय:

१. ईच कार्टन कंटेन्स टेन पनेट्स ऑफ फाइव्ह हंड्रेड ग्रॅम्स ईच.
२. एव्हरी कार्टन शुड बी वेड अँड इट्स वेट रेकॉर्डेड.
३. पेस्ट वन लेबल ऑन ईच शॉर्ट साइड ऑफ द कार्टन.
४. ऑल द फ्रूट हॅज बीन प्री-कूल्ड.
५. ओन्ली वन ऑफ द टू डोअर्स ऑफ द कोल्ड रूम मे बी ओपन ॲट अ टाइम.
६. एव्हरी वर्कर मस्ट वॉश हिज हँड्स बिफोर एंटरिंग.

सहावी नवीन आहे. पॅकिंगला बहुतेक बायकाच असतात, त्यामुळे 'हिज' डोळ्यांना खुपतंय.

मुद्रितशोधक
पहिल्या ओळीत ईच दोनदा आलाय आणि दोन्ही बरोबर आहेत: पहिला 'प्रत्येक', दुसरा 'प्रत्येकी'. चौथी ओळ सूचना नाही, घडून गेलेल्या गोष्टीचं विधान आहे. सूचना म्हणून हवी असेल तर 'ऑल द फ्रूट मस्ट बी प्री-कूल्ड'. 'मस्ट'नंतर वचनाचा प्रश्नच उरत नाही.

सहावीत 'देअर' लिहा: 'एव्हरी वर्कर मस्ट वॉश देअर हँड्स'. क्रियापद एकवचनी राहून सर्वनाम 'देअर' येतं, आणि इंग्रजीत हे शतकानुशतकं चालत आलंय. एपीए या शैलीपुस्तिकेच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने लेखी कामातही त्याला मान्यता दिलीय. मराठीत आपण 'आपले हात' म्हणून मोकळे होतो, तिथे स्त्री-पुरुष येतच नाही.

शिकवणी_कॉलेजरोड
इथे मी सहमत नाही. एव्हरी वर्कर एकवचन आणि देअर अनेकवचन, असं एकाच वाक्यात विद्यार्थ्याने लिहिलं तर मी तरी खूण करणार. वर पेटीला 'इट्स' लावायला लावलंत आणि माणसाला 'देअर', मग मुलाने नियम कोणता धरायचा? मी 'हिज ऑर हर'च शिकवते आणि तेच शिकवत राहीन.

मुद्रितशोधक
परीक्षेपुरतं 'हिज ऑर हर' सुरक्षित आहे, हे मान्य. पण तेही व्याकरणाच्या गणितातून आलेलं नाही. पेटीला 'इट' हे सर्वनाम आहे. कोण ते ठरलेलं नाही अशा माणसासाठी इंग्रजीकडे एकवचनी शब्दच नाही, म्हणून 'दे' वापरात आला. एकाच परिच्छेदात 'हिज ऑर हर' चार वेळा आलं की वाचणारा दमतो.

क्यूसी_सातपूर
वाद टाळायचा असेल तर कर्ताच अनेकवचनी करा: 'ऑल वर्कर्स मस्ट वॉश देअर हँड्स'. दोन्ही पक्षांना चालेल.

वाइनरी_गंगापूरधरण
चालेल, पण जोर कमी होतो. 'ऑल वर्कर्स' वाचलं की बाकीचे धुतील असं वाटतं. 'एव्हरी वर्कर' म्हटलं की ते माझ्यावर येतं. मी पाहुण्यांच्या पाटीवर 'एव्हरी गेस्ट… देअर' ठेवलंय.

पिंपळगावकर
हात धुण्याच्या ओळीत जोर हवाच आहे, त्यामुळे सध्या मीही 'एव्हरी वर्कर… देअर' ठेवतो. तपासनिसाने आक्षेप घेतला तर 'वॉश हँड्स बिफोर एंटरिंग' करेन, त्यात सर्वनामच नाही.

शिकवणी_कॉलेजरोड
हे शेवटचं सगळ्यात चांगलं. तेच आधी लावा.